कर्ज स्वस्त, मग कंपनी महाग का होत नाही?

प्रस्तावना

लहान-मध्यम उद्योजकांशी भांडवलाविषयी बोलायला बसलं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं असं, की स्वतःच्या भांडवलाला व्याज द्यावं लागत नाही, म्हणजे ते फुकट. दुसरं असं, की बँकेचं कर्ज नऊ-दहा टक्क्यांनी मिळतं आणि भागीदार घेतला तर तो वीस टक्के मागतो, म्हणजे कर्ज स्वस्त. गंमत म्हणजे ही दोन्ही वाक्यं बहुधा एकच माणूस एकाच बैठकीत बोलतो, आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. पहिल्या वाक्यातली चूक हिशेब जाणणाऱ्या कोणालाही लगेच सापडते, कारण आपले पैसे दुसरीकडे गुंतवले असते तर जे मिळालं असतं ते आपण सोडून देत असतो. दुसऱ्या वाक्यातली चूक मात्र भल्याभल्यांना सापडत नाही. ती उलगडणं हाच या पुस्तकाचा विषय आहे.

प्रश्न असा मांडता येतो. दोन कंपन्या आहेत. धंदा एक, यंत्रं सारखी, नफाही सारखाच. एकीने सगळे पैसे भागधारकांकडून उभे केले, दुसरीने निम्मे कर्जाऊ घेतले. सरकार नफ्यावर कर घेत नाही असं धरून चालू. दोघींपैकी कोणती अधिक किमतीची? फ्रँको मोडिग्लियानी आणि मर्टन मिलर या पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या दोन प्राध्यापकांनी 1958 साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये याचं उत्तर दिलं: दोघींची किंमत सारखीच. आणि कर्जवाल्या कंपनीचे भागधारक अधिक परतावा मागू लागतात, तो इतकाच अधिक की स्वस्त कर्जाने वाचलेलं सगळं त्यात निघून जातं. एवढ्या उत्तराने वित्तशास्त्राची घडी बदलली. पुढे मोडिग्लियानींना 1985 मध्ये आणि मिलरना 1990 मध्ये नोबेल मिळालं, त्यात या कामाचा वाटा होता.

त्याआधी या प्रश्नाला शास्त्र म्हणावं असं उत्तर नव्हतं. जॉन बर विल्यम्स यांनी 1938 च्या आपल्या ग्रंथात म्हटलं होतं, की कंपनीची उत्पन्न देण्याची ताकद तीच असेल, तर तिच्यावरचे हक्क कसेही वाटले तरी एकूण मूल्य बदलायला नको. पण ते विधान होतं, सिद्धता नव्हती. 1952 साली डेव्हिड ड्युरँड यांनी मूल्यमापनाच्या दोन पद्धती समोरासमोर ठेवल्या. एकीत भागधारकांच्या वाट्याला येणाऱ्या नफ्याला ठरावीक दराने भागून शेअरची किंमत काढायची, आणि मग कर्ज वाढलं की कंपनीची किंमत वाढते. दुसरीत व्याजापूर्वीच्या नफ्याला ठरावीक दराने भागून अख्ख्या कंपनीची किंमत काढायची, आणि मग कर्जाने काहीच फरक पडत नाही. व्यवहारातली मंडळी या दोहोंच्या मधे उभी होती. त्यांचं म्हणणं, थोडं कर्ज चांगलं, फार कर्ज वाईट, आणि अधेमधे कुठेतरी एक उत्तम बिंदू. यालाच पुढे पारंपरिक मत हे नाव पडलं.

आपल्याकडे सीए, सीएमए किंवा एम.कॉम.च्या वर्गात हे चार ‘अप्रोच’ एकाखाली एक शिकवले जातात आणि विद्यार्थ्याला वाटतं की चार विद्वानांची चार मतं आहेत, आवडेल ते घ्यावं. मला ही मांडणी मुळातच दिशाभूल करणारी वाटते. पहिले तीन अंदाज आहेत. चौथी सिद्धता आहे. ती खोडायची तर तिच्या गृहीतकांपैकी कोणतं तुटतं ते दाखवावं लागतं, नुसतं ‘मला पटत नाही’ म्हणून भागत नाही.

सिद्धता कागदावर करून बघण्यासारखी आहे. दोन कंपन्यांना अ आणि ब म्हणू. दोघींचा व्याजापूर्वीचा नफा सरासरीने वर्षाला ₹12 कोटी, आणि तो असाच चालत राहणार आहे. अ कंपनीवर कर्ज नाही. तिच्या धंद्याचा धोका पाहता गुंतवणूकदार 12 टक्के परतावा मागतात, म्हणून तिची किंमत ₹100 कोटी. ब कंपनीवर 8 टक्के व्याजाचं ₹50 कोटींचं कर्ज आहे. व्याजाचे ₹4 कोटी गेल्यावर भागधारकांना सरासरीने ₹8 कोटी उरतात. आता समजा, ‘कर्ज स्वस्त’ या समजुतीवर विसंबून बाजाराने ब कंपनीच्या शेअर्सना एकूण ₹60 कोटी भाव दिला. म्हणजे कर्ज धरून ब कंपनीची किंमत झाली ₹110 कोटी, अ पेक्षा दहा कोटींनी जास्त.

ब कंपनीचे दहा टक्के शेअर्स ज्याच्याकडे आहेत, त्याची गुंतवणूक ₹6 कोटींची आणि वर्षाची मिळकत ₹80 लाखांची. त्याने काय करावं? शेअर्स विकून टाकावेत. हातात आलेल्या 6 कोटींत स्वतःच्या नावावर 8 टक्क्यांनी काढलेले 5 कोटी घालावेत, म्हणजे कंपनीच्या कर्जाचा जो दहावा हिस्सा आजवर अप्रत्यक्षपणे त्याच्या डोक्यावर होता, तेवढंच. झाले 11 कोटी. त्यातल्या 10 कोटींना अ कंपनीचे दहा टक्के शेअर्स येतात. त्यावर मिळकत ₹1 कोटी 20 लाख, त्यातून व्याजाचे 40 लाख वजा, उरले 80 लाख. पूर्वी होते तेवढेच. आणि शिवाय एक कोटी रुपये हातात शिल्लक.

इथे घाईचा वाचक म्हणेल, सरासरी जुळली, पण धोका वाढला असेल. तोही तपासून बघू. धंदा जोरात चालला आणि नफा ₹18 कोटी झाला, तर ब कंपनीत त्याला 1 कोटी 40 लाख मिळाले असते. नव्या व्यवस्थेत 1 कोटी 80 लाखांतून 40 लाख गेले, तेवढेच उरले. मंदी आली आणि नफा ₹6 कोटींवर घसरला, तर ब कंपनीत 20 लाख, इथे 60 लाखांतून 40 लाख वजा, पुन्हा 20 लाख. प्रत्येक परिस्थितीत पै न् पै जुळते. मग तो एक कोटी कोण सोडेल? सगळेच ब विकून अ घ्यायला धावतील आणि दोन्ही किमती एकत्र येईपर्यंत ही धाव थांबणार नाही. ब कंपनीच्या शेअर्सचा भाव उलट 45 कोटींपर्यंत पडला असता, तर चाल उलटी: अ कंपनीचे दहा टक्के दहा कोटींना विकायचे, साडेचार कोटींचे ब चे दहा टक्के शेअर्स आणि 5 कोटींचे तिचे कर्जरोखे घ्यायचे, मिळकत तीच आणि पन्नास लाख खिशात. या दुसऱ्या चालीत कोणाला कर्जसुद्धा काढावं लागत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण सिद्धांतावर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप तिथे लागूच होत नाही.

मोडिग्लियानी-मिलर यांनी स्वतः दूधवाल्याचा दाखला दिला होता. साय काढून वेगळी विकली तर तिला भाव चांगला येतो, पण उरलेलं पातळ दूध तेवढ्याच प्रमाणात स्वस्तात द्यावं लागतं. एकूण गल्ला तोच. कर्जरोखे म्हणजे उत्पन्नावरची साय, आणि ती काढून घेतल्यावर भागधारकाच्या भांड्यात काय राहिलं याचा विचार त्याने न करणं शक्य नाही.

तो विचार म्हणजेच भागभांडवलाचा वाढता खर्च. बाजार शहाणा झाला आणि ब कंपनीच्या शेअर्सची किंमत ₹50 कोटींवर आली, की 50 कोटींवर 8 कोटी, म्हणजे 16 टक्के परतावा. अ कंपनीचे भागधारक 12 वर समाधानी आहेत, ब चे 16 मागतात. हे चार टक्के लोभाचे नाहीत. अ कंपनीचा परतावा चांगल्या वर्षी 18, मध्यम वर्षी 12 आणि वाईट वर्षी 6 टक्के असतो. त्याच तीन वर्षांत ब चा परतावा 28, 16 आणि 4 असतो. धंदा तोच, हेलकावे दुप्पट. सावकाराने आपले 8 टक्के आधी पक्के करून घेतले, त्यामुळे धंद्याचा सगळा धक्का निम्म्या भांडवलावर येऊन पडला. नफा बरोबर 8 टक्क्यांवर असताना दोघींचे भागधारक सारखंच कमावतात. त्याच्या वर कर्ज हात देतं, खाली गेलं की तेच कर्ज पाय ओढतं.

सूत्र एवढंच आहे:

```
rE = rA + (rA − rD) × D/E
```

इथे rA म्हणजे धंद्याच्या धोक्याला साजेसा परतावा, rD कर्जाचा दर, rE भागधारकांनी मागितलेला परतावा, आणि D/E म्हणजे बाजारभावाने मोजलेलं कर्ज-भांडवल प्रमाण. ब कंपनीसाठी 12 अधिक 4 गुणिले 1, म्हणजे 16. निम्मं भांडवल 16 ने आणि निम्मं 8 ने घेतलं तर सरासरी पुन्हा 12. ‘बाजारभावाने’ या शब्दावर जोर देतो, कारण बँकेच्या फाइलीत डेट-इक्विटी रेशो ताळेबंदातल्या आकड्यांवरून काढतात आणि तोच इथे घातला की उत्तर भलतंच येतं.

कर्ज खूपच वाढलं तर? समजा ते ₹80 कोटी झालं. वाईट वर्षी नफा 6 कोटींचा, त्यात सावकाराचं पुरं व्याजही भागणार नाही. आता सावकारही सरासरी 10 टक्के मागतो. त्याला सरासरीने 8 कोटी गेले, भागधारकांना 4 उरले, 20 कोटींवर 20 टक्के. दर 8 वरच राहिला असता तर सूत्राने 28 टक्के सांगितले असते. म्हणजे कर्ज धोक्याचं झालं की भागधारकाच्या मागणीची चढण सौम्य होते, कारण धोक्याचा काही भार सावकाराच्या अंगावर जातो. पाठ्यपुस्तकांतली सरळ वर जाणारी रेघ फक्त बिनधोक कर्जापुरती खरी आहे.

हे सगळं माहीत नसलं की काय बिघडतं, ते एका प्रकल्पाच्या कागदांवरून दिसतं. अ कंपनीचे एक कोटी शेअर्स आहेत, भाव ₹100, शेअरमागे मिळकत ₹12. संचालकांपुढे ₹50 कोटींचा विस्तार येतो. धोका सध्याच्या धंद्याइतकाच, अपेक्षित परतावा 9 टक्के. वित्त विभागाची टिपणी म्हणते, कर्ज 8 टक्क्यांनी मिळतंय, प्रकल्प 9 देतोय, वर्षाला 50 लाख निव्वळ फायदा, शेअरमागे मिळकत 12 वरून 12.50 होणार. प्रस्ताव मंजूर होतो. मिळकत खरोखरच वाढते. पण एकूण नफा आता 16.5 कोटी, आणि 12 टक्क्यांनी त्याची किंमत ₹137.5 कोटी. त्यातून कर्जाचे 50 गेले की भागधारकांकडे 87.5 कोटी उरतात. शंभराचा शेअर ₹87.50 वर येतो. साडेबारा कोटी कुठे गेले? 12 टक्के मागणाऱ्या धंद्यात 9 टक्क्यांचा प्रकल्प पन्नास कोटींना घेतला, त्याची खरी किंमत साडेसदतीसच होती. भागधारक आता सुमारे 14.3 टक्के मागतात, कारण त्यांच्या डोक्यावर कर्ज आलं. टिपणीत फक्त व्याजदर होता. हा वाढीव खर्च कोणत्याही वहीत नोंदला जात नाही, तो फक्त शेअरच्या भावात दिसतो. कर्ज काढून शेअर्सची परतखरेदी करतानाही हाच सापळा असतो: शेअरमागे मिळकत वाढते आणि सादरीकरणात तिला जुन्याच पी-ई गुणोत्तराने गुणलेलं असतं, जणू धोका वाढलाच नाही.

1958 नंतरचा इतिहास म्हणजे या सिद्धतेची गृहीतकं एकेक करून सोडण्याचा इतिहास. ड्युरँड यांनी 1959 मध्येच हरकत घेतली, की सामान्य गुंतवणूकदाराला कंपनीच्या दराने कर्ज मिळत नाही आणि त्याच्या कर्जाला कंपनीसारखं मर्यादित दायित्वही नसतं. हरकत खरी आहे, पण वर पाहिलेल्या उलट्या चालीला ती लागत नाही, आणि मोठ्या संस्थांचे दर कंपन्यांच्या दरांपासून फार दूर नसतात. मूळ निबंधात लेखकद्वयाने अमेरिकेतल्या 43 वीज कंपन्या आणि 42 तेल कंपन्यांची आकडेवारी तपासून आपल्या बाजूचा पुरावाही दिला होता, पण त्या पुराव्यावर पुढे बरीच टीका झाली आणि आज कोणी त्यावर विसंबत नाही. सिद्धांत टिकला तो तर्कावर. कराचं गणित दोघांनी 1963 मध्ये स्वतःच दुरुस्त केलं: व्याजाला करसवलत असेल तर कर्जाने मूल्य वाढतं. मग कंपन्या शंभर टक्के कर्ज का घेत नाहीत? क्राउस आणि लिट्झनबर्गर यांनी 1973 मध्ये दिवाळखोरीचा खर्च तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाकला. जेन्सन आणि मेकलिंग यांनी 1976 मध्ये व्यवस्थापक, मालक आणि सावकार यांचे हितसंबंध वेगळे असतात हे दाखवलं. मिलर यांनी स्वतः 1977 मध्ये असं मांडलं, की रोखेधारकांचा व्यक्तिगत कर लक्षात घेतला तर कंपनीची करसवलत बरीचशी वाहून जाऊ शकते, आणि आपण पुन्हा जिथून निघालो तिथेच येतो. मायर्स आणि माज्लुफ यांनी 1984 मध्ये माहितीच्या असमानतेचा धागा पकडला: शेअर्स विकायला काढले की बाजाराला वाटतं, यांना भाव जास्त आहे हे ठाऊक असणार. या प्रत्येक शाखेची पाळंमुळं 1958 च्या निबंधात आहेत. कर्जाने मूल्य वाढतं असं कोणी म्हणालं की पुढचा प्रश्न ठरलेला: कर, दिवाळखोरी, हितसंबंध की माहिती?

करच नसलेली दुनिया फळ्यावरचीच असते असंही नाही. संयुक्त अरब अमिरातीत 2023 च्या जूनपासून 9 टक्के कंपनी कर सुरू झाला. त्यापूर्वी तिथल्या बहुतेक कंपन्यांना नफ्यावर कर नव्हता. दुबईत धंदा करणारे आपले मराठी लोक तेव्हाही बँकेकडून कर्ज घेत होतेच, पण त्याचं कारण करसवलत असूच शकत नव्हतं. भारतातही 2019 मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा मूळ दर 22 टक्के झाल्यावर व्याजामागे मिळणारी करसवलत आकसली. दर जितका खाली, तितका हा ‘कर नाही’ असा हिशेब वास्तवाच्या जवळ.

पण आज या जुन्या प्रमेयावर सर्वांत जोरदार भांडण चाललं आहे ते बँकांवरून. 2008 च्या संकटानंतर बँकांनी अधिक भागभांडवल ठेवावं असे नियम आले, तेव्हा बँकांची तक्रार होती की भागभांडवल महाग आहे, त्यामुळे कर्जाचे दर वाढतील. अनत अदमाती आणि मार्टिन हेलविग यांनी 2013 मधल्या आपल्या पुस्तकात याला उत्तर दिलं: आज बँकेचे भागधारक जो भरमसाठ परतावा मागतात, तो बँक कर्जावर उभी असल्यामुळेच. भांडवल वाढलं की धोका कमी होतो आणि ती मागणीही उतरते. आजचा महाग दर उद्याच्या वाढीव भांडवलाला लावणं ही आपल्या उद्योजकाच्या दुसऱ्या वाक्यातलीच चूक, फक्त सुटाबुटातली. प्रतिपक्षाचा मुद्दाही हलका नाही. ठेवीदार कमी व्याज घेतो ते धोका कमी म्हणून एवढंच नाही, त्याला पैसे हवे तेव्हा काढता येतात आणि त्यामागे ठेव विमा आहे म्हणूनही. ही सोय म्हणजे मूळ सिद्धतेत नसलेली वस्तू आहे. माझा कल पहिल्या बाजूला आहे, हे सांगून टाकलेलं बरं.

या पुस्तकाचा आवाका मी जाणूनबुजून लहान ठेवला आहे. कर नसलेली परिस्थिती बहुतेक पुस्तकं दोन पानांत उरकतात आणि करसवलतीकडे धावतात. इथे क्रम उलटा आहे. पुस्तकाचा मोठा भाग करमुक्त दुनियेतच घालवला आहे, आणि अ व ब याच दोन कंपन्या सगळीकडे वापरल्या आहेत. त्यांचं कर्ज, धोका आणि भाव बदलत जातात, धंदा मात्र बदलत नाही. सिद्धतेला बीजगणितापलीकडचं गणित लागत नाही. ज्यांना बीटा ठाऊक आहे त्यांच्यासाठी हमाडा यांची मांडणी वेगळ्या प्रकरणात दिली आहे. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांनी ते प्रकरण सोडून पुढे गेलं तरी धागा तुटत नाही. भारतीय परतखरेदीची उदाहरणं घेताना कंपनी कायद्याची 25 टक्क्यांची मर्यादा पाळली आहे, त्यामुळे ब कंपनी एका दमात निम्म्या कर्जावर पोचलेली दिसणार नाही, तिला ते टप्प्याटप्प्याने करावं लागतं.

गटातल्या कंपन्यांची एकमेकींना दिलेली हमी, प्रवर्तकांचे तारण ठेवलेले शेअर्स आणि सहकारी संस्थांचं भागभांडवल हे तीन विषय मी मुद्दाम बाहेर ठेवले आहेत. पहिल्या दोहोंत कर्ज कंपनीच्या ताळेबंदात दिसतच नाही. तिसऱ्यात भाग दर्शनी किमतीलाच परत मिळतो, त्याला बाजारभाव नसतो, त्यामुळे वर केलेली खरेदी-विक्रीची चाल तिथे चालतच नाही. साखर कारखान्याचा सभासद आपला भाग विकून शेजारच्या कारखान्याचा घेऊ शकत नाही.